हरलेला डाव वाचवणारा सततचा शह

बुद्धिबळात हरलेल्या बाजूकडे एकच हत्यार असे असते की समोरच्याकडे कितीही मोहरी जास्त असली तरी ते निकामी होत नाही. ते म्हणजे शह. राजाला शह मिळाला की दुसरी कोणतीही चाल करता येत नाही, आधी शह काढावाच लागतो. समोरच्याचे प्यादे वजीर व्हायला एक घर उरले असेल किंवा पुढच्या चालीत मात देण्याची त्याची तयारी झाली असेल, तरी त्याला थांबावे लागते. आता शह काढल्यावर पुन्हा शह, तो काढल्यावर परत शह अशी साखळी लावता आली आणि तिच्यातून राजाला कधीच सुटता आले नाही, तर समोरच्याला आपली जास्तीची मोहरी वापरण्याची संधीच मिळत नाही. डाव बरोबरीत सुटतो. यालाच सततचा शह म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात तो ‘पर्पेच्युअल’ या नावाने येतो.

गंमत अशी की आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, आजच्या नियमांत सततच्या शहासाठी वेगळे कलम नाही. ही बरोबरी पुनरावृत्तीच्या नियमातून मिळते. पटावर तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करता येतो. शहांची साखळी गोल फिरत असेल तर तीच स्थिती पुन्हा पुन्हा येणारच. म्हणून डाव वाचवायला निघालेल्या खेळाडूने शहांची लांबलचक रांग शोधायची नसते, फेर शोधायचा असतो. दहा शह देऊन अकरावा शह सापडला नाही, तर आधीच्या दहांचा काही उपयोग नाही. याउलट दोनच शह आलटून पालटून देता आले तर तेवढे पुरतात.

दोन घरांचा फेर

हे नीट समजण्यासाठी पट मांडून एक सोपी स्थिती पाहता येईल. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगा ए ते एच आणि त्याच्या बाजूकडून आडव्या रांगा १ ते ८, ही नेहमीचीच मोजणी. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, वजीर एच-६ वर आणि प्यादी एफ-२, जी-२, एच-२ वर आहेत. काळ्याचा राजा जी-८ वर, हत्ती ए-८ आणि एफ-८ वर, तर प्यादी ए-२, एफ-७ आणि एच-७ वर आहेत. चाल पांढऱ्याची आहे.

पांढऱ्याची अवस्था वाईट आहे. ए-२ वरचे प्यादे पुढच्या चालीत वजीर होऊन शह देणार. पांढऱ्याचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला आहे, त्यामुळे तो शह म्हणजे जवळजवळ मातच. मध्ये वजीर आणून अडवला तर तोही मारला जातो आणि मात होते. एच-प्यादे पुढे सरकवून राजाला वाट करून दिली, तरी काळ्याकडे वजीर आणि दोन हत्ती होतात. बचावाच्या चालीने हा डाव टिकत नाही.

पण काळ्याच्या राजासमोरचे जी-प्यादे नाहीसे झालेले आहे. पांढरा वजीर जी-५ वर येऊन शह देतो. काळ्या राजाच्या शेजारची घरे एकेक करून पाहिली तर एफ-८ वर त्याचाच हत्ती बसला आहे, एफ-७ आणि एच-७ वर त्याचीच प्यादी आहेत आणि जी-७ वर वजिराचा मारा आहे. उरले एच-८. राजा तिथे जातो. आता वजीर एफ-६ वरून शह देतो. जी-७ अजूनही वजिराच्या माऱ्यात आहे, एच-७ वर प्यादे आहे, म्हणून राजाला परत जी-८ वरच यावे लागते. वजीर पुन्हा जी-५ वर, राजा पुन्हा एच-८ वर. राजाला प्रत्येक वेळी एकच घर आणि वजिराला त्या घरावर उत्तर तयार. काळ्याचे दोन हत्ती आणि वजीर व्हायला निघालेले प्यादे या सगळ्याचे नुसते प्रेक्षक होतात.

या फेरात काळ्याच्या स्वतःच्या मोहऱ्यांचा वाटा मोठा आहे. एफ-८ वरचा हत्ती ई-८ वर असता तर राजाला एफ-८ ही दुसरी वाट मिळाली असती. दोन घरांचा फेर तिथेच तुटला असता आणि पांढऱ्याला राजाच्या प्रत्येक पावलामागे नवा शह शोधत जावे लागले असते. म्हणून राजाला किती मोकळी घरे आहेत हे मोजताना त्याच्याच सैन्याने अडवलेली घरेही मोजावी लागतात. गर्दीत अडकलेला राजा सततच्या शहाला जास्त सापडतो.

आता याच स्थितीत एक बारीक बदल केला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ए-८ वरचा हत्ती तिथे नसून ए-५ वर आहे असे समजू. पांढऱ्याने सवयीने जी-५ वर शह दिला, तर पाचव्या आडव्या रांगेतून हत्ती येऊन वजीरच मारतो. एच-६ वरून दुसरा उपयोगाचा शह नाही. तीच प्यादी, तोच उघडा राजा, पण डाव हरलेला. शह देण्यासाठी लागणारी घरे सुरक्षित आहेत का, हा प्रश्न राजाच्या घरांइतकाच महत्त्वाचा ठरतो तो असा.

थोडक्यात, फेर पक्का आहे हे ठरवण्यासाठी प्रत्येक शहानंतर तीन गोष्टी तपासाव्या लागतात. राजा कुठे कुठे सरकू शकतो, शह देणारे मोहरे मारता येते का, आणि मध्ये काही घालून शह अडवता येतो का. शेवटचा मुद्दा सर्वात जास्त निसटतो. मध्ये आलेले मोहरे नुसते अडवून थांबत नाही. कधी कधी ते उलटा शह देते. मग आपल्यालाच आपला राजा हलवावा लागतो आणि साखळी तुटते. म्हणून स्वतःचा राजा कुठे उभा आहे याकडेही लक्ष हवे.

व्हिएन्नातील एक डाव

सततचा शह बहुतेक वेळा वजिराने दिला जातो, कारण तो उभा, आडवा आणि तिरपा असा सगळीकडून पोचतो. पण राजाची घरे पुरेशी आवळली असतील तर एकटा उंटही हे काम करतो. याचे सर्वात गाजलेले उदाहरण एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाचे आहे. कार्ल हाम्पे आणि फिलिप माइट्नर यांच्या या डावाला बुद्धिबळाच्या पुस्तकांत ‘अमर बरोबरी’ म्हणतात. माइट्नर हे पेशाने वकील. पुढे अणुविखंडनाच्या शोधात ज्यांचे नाव आले त्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइट्नर या त्यांच्या कन्या.

काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या माइट्नरांनी तिसऱ्याच चालीला उंटाचा बळी देऊन हाम्पेंचा राजा बाहेर ओढला आणि नवव्या चालीला वजीरही देऊन टाकला. पांढरा राजा पट ओलांडून थेट काळ्याच्या हद्दीत आला. सोळाव्या चालीला त्याने सी-६ वरचा घोडा मारला तेव्हा हिशेब असा होता: हाम्पेंकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट, एक घोडा आणि सहा प्यादी, माइट्नरांकडे दोन हत्ती, एक उंट आणि आठ प्यादी. दोन जास्तीची प्यादी सोडली तर काळा एका अख्ख्या वजिराने आणि एका घोड्याने मागे. शांतपणे खेळत राहिला असता तर हरणे नक्की होते.

पांढरा राजा सी-६ वर, काळा राजा डी-८ वर. काळ्याचे हत्ती मूळच्या जागी, ए-८ आणि एच-८ वर, उंट सी-८ वर. जवळची प्यादी ए-५, बी-६, सी-७ आणि डी-५ वर. माइट्नरांनी उंट बी-७ वर आणून शह दिला. उंटाला तिथे कशाचाही आधार नाही, राजा तो सरळ मारू शकतो. पण मारला तर काळा राजा शांतपणे डी-७ वर येतो आणि पांढरा राजा सापळ्यात अडकतो. त्याच्या आजूबाजूचे प्रत्येक घर काळ्याच्या माऱ्यात आहे आणि एच-८ वरचा हत्ती बी-८ वर येताच मात होते. पांढरा वजीर जी-४ वरून एक शह देऊ शकतो, पण काळा राजा डी-६ वर सरकतो आणि मात टळत नाही. वजिराने पुढे असूनही पांढऱ्याला हा उंट घेता येत नाही.

मग राजाला बी-५ वर मागे जावे लागते, कारण दुसरे घरच नाही. आता उंट ए-६ वर येऊन पुन्हा शह देतो. या वेळी त्याला मागून ए-८ च्या हत्तीचा आधार आहे, म्हणून मारण्याचा प्रश्न नाही. राजाला दोन घरे आहेत, ए-४ आणि सी-६. ए-४ वर गेला तर काळा शह न देता उंट सी-४ वर नेऊन ठेवतो. तिथून बी-३ हे घर उंटाच्या माऱ्यात येते आणि बी-प्यादे एक घर पुढे सरकले की प्याद्याची मात होते. पांढऱ्याला ती थांबवता येत नाही. म्हणून राजा सी-६ वर परततो, उंट बी-७ वर जातो, आणि फेरा पूर्ण होतो. अठराव्या चालीला तीच स्थिती परत आली आणि डाव बरोबरीत सुटला.

या डावातला बारकावा असा की पांढऱ्याकडे प्रत्येक वेळी दोन उत्तरे होती आणि त्यातले एक उत्तर मातीकडे नेणारे होते. राजाची वाट पूर्णपणे बंद असण्याची गरज नसते. दुसऱ्या वाटेवर त्याहून वाईट काही वाढून ठेवले असले म्हणजे झाले. पण ते ‘वाईट’ आधी शेवटपर्यंत मोजलेले हवे. काळ्या राजाची डी-७ वरची आणि उंटाची सी-४ वरची चाल, या दोन्ही शह नसलेल्या चाली दिसल्या नसत्या तर काळ्याला या फेराची खात्रीच वाटली नसती.

न दिसलेली बरोबरी

शह नसलेली चाल डोळ्यांआड राहते आणि त्यामुळे अर्धा गुण जातो, हे जगज्जेत्याच्याही बाबतीत घडले आहे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा डीप ब्लू हा संगणक यांच्यात सहा डावांचा सामना झाला. पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्या डावात तो काळी मोहरी घेऊन खेळत होता आणि संगणकाने त्याला हळूहळू आवळत आणले होते. ४५ व्या चालीला पांढऱ्याने हत्ती ए-६ वर आणून काळ्या वजिरावर मारा केला. वजिरावजिरी झाली तर पांढऱ्याचे प्यादे पुढे घुसते आणि डाव सरळ हरतो. कास्पारोव्हने तिथेच डाव सोडला.

दुसऱ्या दिवसापर्यंत विश्लेषकांनी दाखवून दिले की काळ्याला बरोबरीची वाट होती. वजीर ई-३ वर न्यायचा, डी-६ वरचा उंट पांढऱ्या वजिराला मारू द्यायचा आणि त्यावर हत्ती ई-८ वर आणून ठेवायचा. या दोन्ही चाली शह नाहीत. काळा एका उंटाने मागे पडतो आणि वर दोन चाली शांत खेळतो, म्हणून हा विचार मनात यायलाच अवघड. पण ई-८ वरचा हत्ती काळ्या राजाजवळच्या वाटा अडवतो, आणि मग वजीर सी-१, एफ-४, ई-३ अशा घरांवरून पांढऱ्या राजाला शह देत राहतो.

हे शक्य होण्याचे कारण पटाच्या रंगांत आहे. वर सांगितलेली शह देण्याची सगळी घरे काळी आहेत. पांढऱ्याचा उरलेला उंट मात्र पांढऱ्या घरांवरून फिरणारा, त्यामुळे त्या घरांवर त्याचा मारा कधीच पडू शकत नाही. पांढरा वजीर डी-६ वर आहे, पण त्याच्या आणि एफ-४ च्या मध्ये ई-५ वर काळ्याचेच प्यादे उभे आहे. पांढऱ्याच्या राजासमोरचे एफ-प्यादे आधीच निघून गेलेले. जास्तीचा उंट पटावर असूनही राजाच्या कामाला येत नाही. प्रतिपक्षाचा उंट एका रंगाचा असेल तर दुसऱ्या रंगाच्या घरांवरून शहाची वाट शोधावी, हा या डावाने दिलेला अगदी वापरता येण्याजोगा धडा आहे.

सामना शेवटी डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच असा जिंकला. फरक एका गुणाचा.

शोधायचे कसे

डाव हातातून गेला आहे असे वाटले की खेळाडू सहसा जो पहिला शह दिसेल तो देऊन पाहतो. ही घाई महागात पडते. चुकीच्या शहाने राजा उघड्यावरून सुरक्षित कोपऱ्यात ढकलला जातो आणि मग असलेला फेरही नाहीसा होतो. आधी राजाभोवतीची घरे मोजावीत, मग आपला वजीर कोणत्या दोन किंवा तीन घरांवरून शह देऊ शकतो ते पाहावे, आणि त्यानंतर पहिली चाल करावी. फेर बसतच नसेल तर आपल्याकडचे एखादे मोहरे देऊन राजासमोरचे प्यादे उडवता येते का ते पाहावे. वर मांडलेल्या स्थितीत जी-प्यादे जागेवर असते तर वजिराला काहीच करता आले नसते. तशा स्थितीत घोडा किंवा उंट देऊन ते प्यादे हलवणे हा नेहमीचा उपाय आहे. आपण तसेही हरतच असतो, त्यामुळे एक मोहरे आणखी गेल्याने फारसे बिघडत नाही. फेर मात्र त्यानंतर पक्का हवा.

जिंकणाऱ्या बाजूचे कामही यातूनच कळते. पहिल्या स्थितीत काळ्याने प्यादे ए-३ वर असताना ते घाईने ए-२ वर नेले असे समजले, तर त्याआधी एक चाल खर्च करून एफ-प्यादे एफ-६ वर सरकवणे शहाणपणाचे झाले असते. जी-५ आणि एफ-६ ही दोन्ही घरे पांढऱ्या वजिराला बंद झाली असती. वजिरावजिरी करणे, किंवा शह अडवण्यासाठी जास्तीचे एखादे मोहरे परत देऊन टाकणे, हे आणखी दोन खात्रीचे मार्ग. दोन मोहऱ्यांनी पुढे असलेल्याने एक दिले तरी तो पुढेच राहतो.

दावा करण्याची रीत

फेर सापडल्यावर शेवटचे काम असते ते बरोबरी कागदावर आणण्याचे. बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी स्वतःच हात पुढे करतो. तो करत नसेल तर नियमाप्रमाणे दावा करावा लागतो आणि त्यात नवखे खेळाडू चुकतात. तिसऱ्यांदा स्थिती आणणारी चाल पटावर करायची नसते. ती आधी चालींच्या कागदावर लिहायची आणि पंचांना बोलावून ‘ही चाल मी करणार आहे आणि त्याने तीच स्थिती तिसऱ्यांदा येईल’ असे सांगायचे. चाल करून टाकली तर पाळी समोरच्याची होते आणि दावा करण्याची संधी त्या वेळेपुरती जाते. पहिल्या उदाहरणात वजीर जी-५ वर पहिल्या चालीला आला, दुसऱ्यांदा तिसऱ्या चालीला आणि तिसऱ्यांदा पाचव्या चालीला येणार. म्हणजे पाचवी चाल लिहून दावा करायचा.

पंच कागदावरून चाली तपासतात. दावा खरा ठरला तर डाव तिथेच बरोबरीत संपतो. चुकीचा ठरला तर लिहिलेली चाल करावीच लागते आणि नेहमीच्या संथ गतीच्या डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात. त्यामुळे चाली स्वच्छ लिहिलेल्या असणे गरजेचे आहे. दावा कोणीच केला नाही, तरी तीच स्थिती पाचव्यांदा आली की डाव आपोआप बरोबरीत सुटतो. हा नियम २०१४ पासून आहे.

हरलेल्या दिसणाऱ्या डावात घड्याळ थांबवण्याआधी म्हणूनच एक तपासणी करावी. समोरच्या राजाला किती घरे मोकळी आहेत, त्यातली किती त्याच्याच मोहऱ्यांनी अडवली आहेत आणि आपला वजीर कोणत्या घरांवरून निर्धास्तपणे शह देऊ शकतो, हे मोजायला मिनिटभर लागते. सोडलेला डाव मात्र परत मिळत नाही.